इंटर्न आहात, म्हणून कायद्याबाहेर नाही

जानेवारी उजाडला की इंजिनिअरिंग, एमसीए आणि बीबीएच्या शेवटच्या सेमिस्टरची मुलं-मुली कंपन्यांमध्ये इंटर्नशिपला येतात. आपल्या समाजातल्या कितीतरी मुलींसाठी घराबाहेरचं ते पहिलंच ऑफिस असतं. ऑफर लेटरमध्ये एक वाक्य हमखास असतं: इंटर्न हा कंपनीचा कर्मचारी नाही. पगाराच्या आणि पीएफच्या संदर्भात त्या वाक्याला काही अर्थ असेल. पण मुली ते वाचून असा निष्कर्ष काढतात की इथे काही वाईट घडलं तर तक्रार करायचा हक्कच आपल्याला नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. लैंगिक छळाच्या बाबतीत तर तो शंभर टक्के चुकीचा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीची सदस्यही आहे. समितीसमोर आलेल्या प्रकरणांबद्दल बोलायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे इथलं उदाहरण मी रचलेलं आहे. नियम मात्र खरे आहेत.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी 2013 साली कायदा झाला. ऑफिसात त्याला पॉश म्हणतात. त्यातली ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, प्रोबेशनवरची, ट्रेनी, अप्रेंटिस किंवा अशाच कुठल्याही दुसऱ्या नावाने काम करणारी व्यक्ती त्यात येते. मोबदला मिळतो की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे बिनपगारी इंटर्नसुद्धा त्यात आली. कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नव्हे. कामानिमित्त गेलेलं क्लायंटचं ठिकाण आणि कंपनीने दिलेली कॅबसुद्धा त्यात मोडते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सना पुण्यातल्या एका कॉलेजची विद्यार्थिनी आहे. 2 जानेवारीपासून 30 जूनपर्यंत ती एका आयटी कंपनीत इंटर्न आहे. फेब्रुवारीपासून तिचा मेंटर तिला रात्री उशिरा मेसेज पाठवू लागतो. आधी कामाबद्दल, मग दिसण्याबद्दल. ‘हिजाब काढलास तर किती छान दिसशील, एक फोटो पाठव ना,’ असं लिहितो. 18 मार्चला कॅबमध्ये तिचा हात धरतो. ती विरोध करते, तेव्हा म्हणतो, ‘तुझं मूल्यमापन मीच लिहिणार आहे, लक्षात ठेव.’ शेवटचा तसा मेसेज 9 एप्रिलला येतो.

सनाने कुठे जायचं? पहिला दरवाजा कंपनीच्या अंतर्गत समितीचा. दहा किंवा अधिक लोक काम करत असतील तिथे ही समिती असलीच पाहिजे. नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची असते. हे बाहेरचं माणूस इंटर्नसाठी महत्त्वाचं, कारण तिची बढती मेंटरच्या साहेबाच्या हातात नसते. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं कंपनीवर बंधनकारक आहे. इंटर्नला अनेकदा कंपनीच्या आतल्या वेबसाइटवर प्रवेश नसतो. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात एचआरला एका ओळीचा ईमेल करा: अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि ईमेल पत्ता पाठवावा. काहीही घडलेलं नसताना विचारलं, तर कुणाला वावगं वाटत नाही. आणि उत्तर येतं की नाही, यावरून कंपनी कशी आहे हेही कळतं.

कंपनीत दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा त्रास देणारा स्वतः मालकच असेल, तर दुसरा दरवाजा जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा. छोट्या स्टार्टअपमध्ये जाणाऱ्या मुलींना ही समिती माहीतच नसते. आपल्याकडे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिची चौकशी करता येते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या पोर्टलवरूनही, म्हणजे shebox.wcd.gov.in इथून, तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित समितीकडे जाते.

मुदतीचा नियम नीट समजून घ्या, कारण मुली इथेच अडतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. प्रकार अनेकदा घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. सनाच्या बाबतीत ती तारीख 9 जुलै येते. तिची इंटर्नशिप 30 जूनला संपते, म्हणजे सर्टिफिकेट हातात पडल्यावरही तिच्याकडे नऊ दिवस उरतात. उशिराचं कारण पटलं, तर ते लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ‘आता तू इथे कामाला नाहीस’ हे तक्रार नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

तरीही मूल्यमापनाची भीती खरी आहे, कारण ग्रेड त्यावर ठरते. कायद्याने याचाही विचार केला आहे. चौकशी चालू असताना सना लेखी विनंती करू शकते, आणि मग समिती मालकाला शिफारस करते की त्या मेंटरने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. दोघांपैकी एकाची दुसऱ्या टीममध्ये बदली करण्याची, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारसही होऊ शकते. पण विनंती लेखी हवी. मी तर म्हणेन, तक्रारीच्या अर्जातच शेवटचा परिच्छेद याबद्दल लिहा.

तक्रारीसोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं जोडायची असतात, म्हणून आता माझ्या धंद्यातली गोष्ट. इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमचं कंपनीचं खातं बंद होतं आणि लॅपटॉप परत जातो. त्यातले सगळे मेसेज तुमच्यापुरते संपले. त्यामुळे त्रासदायक मेसेज आला त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे मेसेज त्यात दिसले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा; आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का, हेही बघा. हे सगळं स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, पण सोबत कंपनीचा कोड किंवा क्लायंटची कागदपत्रं पाठवू नका, नाहीतर मूळ विषय बाजूला पडून तुमच्यावरच चौकशी बसते. कॅबमधल्या प्रसंगाचा स्क्रीनशॉट नसतो. तो त्याच रात्री तारीख, वेळ, जागा आणि नेमके शब्द यांसह लिहून स्वतःलाच ईमेल करा. दुसऱ्या दिवशी ज्या मैत्रिणीला सांगितलं असेल, तिचं नावही लिहा. साक्षीदार प्रत्यक्ष बघणाराच हवा असं नाही.

तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला मिळते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दोघांनाही ऐकून समितीने 90 दिवसांत चौकशी संपवायची, पुढच्या दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि मालकाने 60 दिवसांत कारवाई करायची. समितीसमोर कुणालाच वकील आणता येत नाही, त्यामुळे वकिलाच्या फीची काळजी नको. मधेच एचआरकडून ‘मिटवून टाका, सर्टिफिकेट लगेच देतो’ असं सुचवलं जाऊ शकतं. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होतो आणि त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. निकाल पटला नाही, तर 90 दिवसांत अपील करता येतं.

दोन भीती मला सतत ऐकू येतात. पहिली: सिद्ध झालं नाही तर उलट माझ्यावर कारवाई होईल. कायदा स्पष्ट सांगतो की पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. त्यासाठी मुद्दाम खोटं बोलल्याचं चौकशीतून सिद्ध व्हावं लागतं. दुसरी: घरी कळलं तर अब्बा काम बंद करतील. तक्रारदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीतला मजकूर उघड करायला बंदी आहे. माहितीच्या अधिकारातही तो मिळत नाही. सना सज्ञान आहे, समितीने घरी कळवायची गरज नाही. घरातल्या मोठ्यांना मात्र माझी विनंती आहे: मुलीने सांगितलं आणि आपण तिचं काम सोडवलं, तर शिक्षा तिला झाली. मेंटर तिथेच राहतो, पुढच्या जानेवारीत दुसरी इंटर्न येते.

तिसरा दरवाजा कॉलेजचा. यूजीसीच्या 2015 च्या नियमांत कॉलेजच्या परिसरात इंटर्नशिपची जागाही धरली आहे. सनाने कॉलेजच्या अंतर्गत समितीला आणि प्लेसमेंट अधिकाऱ्याला कळवावं. कंपनीच्या मेंटरला शिक्षा करणं कॉलेजच्या हातात नाही, पण इंटर्नशिपची जागा बदलणं, ग्रेड सांभाळणं आणि त्या कंपनीला पुढच्या वर्षी मुलं न पाठवणं आहे. मुलांसाठी तर हाच दरवाजा जास्त उपयोगी, कारण पॉश कायद्यात तक्रारदार फक्त स्त्री असू शकते, आणि यूजीसीच्या नियमांनी पुरुष विद्यार्थ्यांवरच्या छळाचीही दखल घेतली आहे.

अंगाला हात लावणं, पाठलाग, धमकी असं काही असेल तर पोलिसांकडे समांतर जाता येतं. समितीच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. तातडीला 112, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन 181. पोलिसांत तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

या मार्गाची हद्दही सांगायला हवी. मेंटरने फोटो मागितला, ते समितीचं काम. पण तोच मेंटर ‘तुम्ही लोक असेच’ म्हणाला, नमाजच्या वेळेवरून टोमणे मारले किंवा नावावरून प्रोजेक्ट नाकारला, तर ते पॉशमध्ये बसत नाही. खासगी कंपनीतल्या धार्मिक भेदभावाविरुद्ध आपल्या देशात असा स्वतंत्र कायदा आणि समिती नाही. तिथे कंपनीची आचारसंहिता, तिच्या तक्रारीचा ईमेल आणि कॉलेज एवढेच दरवाजे उरतात. ते कमजोर आहेत, पण लेखी नोंद तिथेही करावी. दोन्ही प्रकार घडले असतील तर दोन वेगळे अर्ज करा, म्हणजे समितीला ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणत सगळंच बाजूला सारता येणार नाही. असा कायदा व्हावा ही मागणी चळवळीने करायची आहे. पण जो कायदा आज हातात आहे, तो तरी आपल्या मुलींना रुजू होण्याआधी माहीत असू द्या. आपल्या मोहल्ल्यातलं कुणी यंदा इंटर्नशिपला निघालं असेल, तर एचआरला पाठवायचा तो एका ओळीचा ईमेल तिच्यासोबत बसून लिहा.