इंज्युरी सर्टिफिकेटवरचं ‘सिंपल’ म्हणजे किरकोळ नव्हे

मारामारी, हल्ला किंवा अपघात झाला की सरकारी दवाखान्यात एमएलसी होते आणि पोलिसांच्या यादीवरून डॉक्टर जखमांचं प्रमाणपत्र देतात. यालाच आपण इंज्युरी सर्टिफिकेट म्हणतो. मी फिजिशियन आहे, हे प्रमाणपत्र देण्याचं काम माझ्याकडे नसतं. पण माझ्याकडे नेहमी येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक त्याची झेरॉक्स घेऊन येतात आणि विचारतात, “डॉक्टर, यात काय लिहिलंय ते जरा सांगा.” बहुतेक वेळा अर्थ त्यांनी आधीच लावलेला असतो, आणि तो चुकीचा असतो. ग्रीव्हियस म्हणजे पेशंट सीरियस, सिंपल म्हणजे काही झालंच नाही, आणि ओपिनियन रिझर्व्हड म्हणजे डॉक्टरने समोरच्या पार्टीकडून पैसे खाल्ले.

या तीन शब्दांचा खरा अर्थ कळला नाही तर नुसता गैरसमज होऊन थांबत नाही, केसचंही नुकसान होतं. ते कसं, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातले तपशील मी बदलले आहेत, पण अशी प्रमाणपत्रं रोज लिहिली जातात.

प्रमाणपत्रात काय लिहिलं होतं?

शेताच्या बांधावरून भांडण झालं. पंचेचाळीस वर्षांच्या एका शेतकऱ्याला शेजाऱ्याने काठीने मारलं. रात्री ग्रामीण रुग्णालयात नेलं. प्रमाणपत्रात तीन ओळी होत्या.

पहिली ओळ: डोक्याच्या डाव्या बाजूला सीएलडब्ल्यू, चार बाय अर्धा सेंटिमीटर, ओपिनियन रिझर्व्हड. सीएलडब्ल्यू म्हणजे बोथट वस्तूच्या माराने कातडी फाटून झालेली जखम. इथे सहा टाके पडले.

दुसरी ओळ: डाव्या हाताला कोपराखाली कंटुजन, सूज आणि दाबल्यावर दुखणं, ओपिनियन रिझर्व्हड. कंटुजन म्हणजे आपण ज्याला मुका मार म्हणतो तो. वरून रक्त नाही, आत रक्त साकळलेलं.

तिसरी ओळ: उजव्या गुडघ्यावर अॅब्रेजन, म्हणजे खरचटलेलं, सिंपल.

पुढच्या रकान्यात शस्त्र ‘हार्ड अँड ब्लंट’, म्हणजे कठीण आणि बोथट, आणि जखमेचं वय ‘फ्रेश’, म्हणजे ताजी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सिंपल किंवा ग्रीव्हियस हे माणसाबद्दल लिहीत नाहीत, प्रत्येक जखमेबद्दल वेगळं लिहितात. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आलं की एकच शब्द शोधू नका, एकेक ओळ वाचा.

हे शब्द कायद्याचे आहेत

डॉक्टरकीच्या भाषेत आम्ही ‘सीरियस’ म्हणतो तेव्हा जिवाला असलेला धोका सांगत असतो. ग्रीव्हियस हा शब्द मात्र कायद्यातून आला आहे. मराठीत त्याला जबर दुखापत म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तिचे आठ प्रकार दिले आहेत. पुरुषाची जननक्षमता नष्ट होणं, एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका कानाने ऐकू येणं कायमचं बंद होणं, एखादा अवयव किंवा सांधा गमावणं, त्याची ताकद कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं, आणि आठवा प्रकार म्हणजे जिवाला धोका आणणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी अथवा रोजची कामं करू न देणारी इजा. या यादीत बसली ती जबर, न बसली ती साधी. सिंपल म्हणजे एवढंच.

आता गंमत पाहा. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे लहान जखमेतूनही सदरा भिजेल एवढं रक्त जातं. पण कवटी आणि मेंदू शाबूत असतील तर ती जखम सहसा सिंपलच ठरते. उलट एक दात पडलेला माणूस चालत घरी जातो, तरी त्याची इजा ग्रीव्हियस असते. हाडाचे दोन तुकडे व्हायला हवेत असंही नाही. हाडाला चीर गेली तरी तो फ्रॅक्चरच, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

पंधरा दिवसांच्या अटीबद्दल बराच गोंधळ असतो. ‘पंधरा दिवस अॅडमिट ठेवा म्हणजे ग्रीव्हियस होईल’ असा सल्ला गावात कोणीतरी देतोच. नुसतं कॉटवर पडून राहून इजा जबर होत नाही. त्या काळात तीव्र वेदना होत्या किंवा माणूस रोजची कामं करू शकत नव्हता, हे दिसावं लागतं. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनी दंड संहिता लागते, आणि तिथे हा काळ वीस दिवसांचा आहे.

ओपिनियन रिझर्व्हड म्हणजे काय?

मत राखून ठेवलं आहे, तपासणीचा रिपोर्ट आल्यावर देऊ, असा याचा अर्थ. आपल्या उदाहरणात त्या रात्री ग्रामीण रुग्णालयात ना सीटी स्कॅन होता ना एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ. डोक्याच्या जखमेखाली कवटी फुटली आहे का, सुजलेल्या हाताचं हाड मोडलं आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अशा वेळी अंदाजाने सिंपल लिहिणारा डॉक्टर तुमचं नुकसान करतो, आणि अंदाजाने ग्रीव्हियस लिहिणारा समोरच्यावर अन्याय करतो. मत राखून ठेवणं हेच योग्य होतं.

दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात तपासण्या झाल्या. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल निघाला. हाताच्या एक्स-रेमध्ये अल्ना, म्हणजे करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध मोडलेलं दिसलं. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस हात आडवा धरतो तेव्हा नेमकं हेच हाड मोडतं.

म्हणजे अंतिम मत असं व्हायला हवं: डोक्याची जखम सिंपल, हाताची ग्रीव्हियस, गुडघ्याची सिंपल. घरच्यांना मात्र राग डोक्याच्या जखमेचा होता. “सहा टाके पडले आणि साधी म्हणतात!” असं सगळे म्हणत होते. हाताच्या ओळीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

खरं नुकसान इथे होतं

पुढे काय होतं ते सांगतो. हाताला प्लास्टर खाजगी दवाखान्यात घातलं जातं. एक्स-रेची फिल्म घरच्या कपाटात जाते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला रिपोर्ट कोणी दाखवत नाही, पोलीसही अंतिम मत मागायचं विसरतात, आणि कागदावर ‘रिझर्व्हड’ तसंच राहतं.

साध्या दुखापतीला कलम 115(2) लागतं. त्यात जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस ठाण्यात फक्त एनसी होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. जबर दुखापतीला कलम 117(2) लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे. घातक शस्त्र वापरलं असेल तर कलमं आणखी वेगळी लागतात, ते वकील सांगतील. पण मोडलेलं हाड कागदावर आलंच नाही तर केस एनसीवरच अडकून राहू शकते.

म्हणून ‘रिझर्व्हड’ दिसलं की चिडू नका, तिथल्या डॉक्टरला विचारा: कोणत्या तपासणीसाठी मत राखलं आहे, ती कुठे होईल, आणि रिपोर्ट कोणाकडे आणून द्यायचा? एक्स-रे काढताना फिल्मवर नाव, तारीख, डावी-उजवी बाजूची खूण आणि एमएलसी नंबर आहे ना ते पाहा. नाहीतर ही फिल्म याच माणसाची कशावरून, असा प्रश्न कोर्टात येतो. रिपोर्ट मिळाला की तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: रिपोर्टची प्रत जोडली आहे, प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांकडून अंतिम अभिप्राय मागवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मूळ फिल्म पोलिसांकडे दिली तर तिचीही पोच घ्या. खाजगी दवाखान्यातले उपचाराचे कागद पेशंटने मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, तेव्हा ते मागायला संकोच करू नका.

अंतिम मत सिंपल आलं तर ते स्वीकारण्याचीही तयारी ठेवा. ‘थोडं ग्रीव्हियस लिहा ना, साहेब’ अशी विनंती करू नका. उलटतपासणीत एक्स-रे समोर ठेवला की खोटं मत टिकत नाही, आणि मग त्याच प्रमाणपत्रातल्या खऱ्या ओळींवरही संशय घेतला जातो. शिवाय डॉक्टर देतो ते मत असतं, निकाल कोर्ट देतं.

माझं स्पष्ट म्हणणं माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे. प्रमाणपत्र इंग्रजीत आणि पोलिसांसाठी असतं, हे मान्य. पण जखमी माणसाच्या केसपेपरवर मराठीत दोन ओळी लिहायला एक मिनिट पुरतं. ‘डाव्या हाताच्या एक्स-रेनंतर मत देणार. रिपोर्ट आणि पोलिसांची यादी घेऊन या.’ रात्रपाळीला एकटा डॉक्टर शंभर कामं करत असतो, हे मला माहीत आहे. तरीही या दोन ओळी लिहिल्या तर एक्स-रे कपाटात पडून राहणार नाही, आणि डॉक्टरने पैसे खाल्ले असं म्हणत कोणी त्याच्या अंगावर धावूनही जाणार नाही.

तुमच्या घरात असं एखादं जुनं प्रमाणपत्र असेल आणि केस अजून चालू असेल, तर आज ते काढून एकेक ओळ वाचा. कुठे ‘रिझर्व्हड’ शब्द दिसला तर त्याचं अंतिम मत आलं आहे का, हे तपास अधिकाऱ्यांना किंवा तुमच्या वकिलांना विचारा.