शांत दिसणारे दूध

शेगडीवरचे दूध आपल्याशी बोलत असते. आधी कडेने बारीक बुडबुडे धरतात, मग भांड्याच्या बुडाशी हलका आवाज होऊ लागतो, साय मध्यभागी फुगते आणि शेवटी दूध वर चढते. इतक्या सूचना मिळूनही ते उतू गेले, तर दोष आपल्या लक्षाचा. मायक्रोवेव्ह भट्टीत मात्र यांपैकी एकही सूचना भरवशाची नसते. म्हणून शेगडीच्या सवयी तिथे नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ही गोष्ट घरात ठाऊक नसते, याला वर्गातले आपले शिकवणेही थोडे कारण आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने सकाळी उकळून ठेवलेले दूध गुळगुळीत काचेच्या पेल्यात ओतून दोन मिनिटे भट्टीत ठेवले. बाहेर काढले तेव्हा दूध अगदी स्तब्ध होते, बुडबुडा नव्हता. ‘मामा, तापलंच नाही वाटतं,’ असे म्हणत त्याने चमचाभर साखर टाकली, आणि क्षणात अर्धा पेला फसफसून त्याच्या मनगटावर आला. हात लगेच नळाखाली वीस मिनिटे धरला म्हणून फोडांवर निभावले. याच मुलाने परीक्षेत ‘पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते’ असे लिहून पूर्ण गुण मिळवले होते!

ते वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. समुद्रसपाटीच्या दाबाखाली १०० अंशांना पाणी उकळू शकते. उकळलेच पाहिजे असे नाही. उकळायचे तर द्रवाच्या आत वाफेचा बुडबुडा जन्मला पाहिजे, आणि लहान बुडबुड्याला द्रवाचा पृष्ठताण चिरडू पाहतो. एक सहस्रांश मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात टिकायचा असेल, तर आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या दुपटीहून अधिक हवा. म्हणजे तापमान १२० अंशांच्या वर गेले पाहिजे. रोजच्या उकळण्यात ही अडचण येत नाही, कारण भांड्याच्या ओरखड्यांत आणि खाचांत हवेचे कण आधीच दडलेले असतात. बुडबुड्याला तिथे तयार घर मिळते.

शेगडीवर भांड्याचे बूड दुधापेक्षा गरम असते, म्हणून ही घरे सर्वांत आधी तापतात. भट्टीत उलटे घडते. तरंग काचेतून किंवा चिनीमातीतून आरपार जातात आणि थेट दुधात जिरतात. पेला तापतो तो दुधामुळे, दुधाच्या मागून. त्यात काच गुळगुळीत, म्हणजे खाचा थोड्या. आणि सकाळी एकदा उकळल्याने दुधात विरघळलेली हवाही निघून गेलेली. असा द्रव उत्कलनांकाच्या काही अंश वर जाऊनही गप्प राहू शकतो. यालाच अतितापन म्हणतात. भाच्याच्या साखरेने काय केले? दाण्यादाण्यांमधल्या हवेने शेकडो बुडबुड्यांना एकदम घर दिले. चमचा, कॉफीची पूड, किंवा नुसता पेल्याला बसलेला धक्काही तेच करतो.

आता थोडे गणित करू, कारण ‘दोन मिनिटे’ हे माप कुठून आले ते पाहायला हवे. प्रथम आपल्या भट्टीची खरी शक्ती काढा. अर्धा लिटर पाणी घेऊन तापमान मोजा, पूर्ण शक्तीवर १ मिनिट ठेवा, बाहेर काढून ढवळा आणि पुन्हा मोजा. (काचेचा तापमापक भट्टीत ठेवायचा नाही.) समजा तापमान २० अंश वाढले. पाण्याने घेतलेली उष्णता ५०० × ४.२ × २० = ४२,००० ज्यूल; ६० सेकंदांनी भागले की ७०० वॉट.

एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर दूध, सुमारे २०६ ग्रॅम भरते. दुधाचा विशिष्ट उष्मा ३.९ धरला, तर दर अंशाला सुमारे ८०० ज्यूल लागतात. शीतकपाटातले ५ अंशांचे दूध पिण्याजोगे, म्हणजे ६० अंशांचे करायला ४४,००० ज्यूल पुरतात. ७०० वॉटला ६३ सेकंद. थेट १०० अंशांना न्यायला १०९ सेकंद. दोन मिनिटे ठेवले, तर ११ सेकंदांची ऊर्जा, ७,७०० ज्यूल, जादा झाली. अप्रकट उष्मा ग्रॅमला २,२६० ज्यूल असल्याने तिच्यातून सुमारे ३.४ ग्रॅम वाफ होऊ शकते. आकडा किरकोळ वाटतो ना? पण १०० अंशांना १ ग्रॅम वाफ जवळजवळ १.७ लिटर जागा व्यापते. दूध नुसते ५ अंश अतितप्त असले, तरी ४,००० ज्यूल साठलेले असतात. त्यांची वाफ ३ लिटर होते, आणि ती काही क्षणांत सुटते. पाण्यातून निदान ती फुटून निघून जाते. दुधातली प्रथिने प्रत्येक बुडबुड्याभोवती चिवट पडदा धरतात आणि वरून साय झाकण घालते, म्हणून फेस मोडत नाही, चढत जातो. (नव्या घरात मुद्दाम दूध उतू घालवतात ते याच प्रथिनांच्या जोरावर!) थोडे दूध ठेवले तर ते भट्टीची सगळी शक्ती घेत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जरा जास्त लागेल, हे गणित सावध बाजूचे आहे.

शिवाय ६० अंश ही सरासरी झाली. तरंगांची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतणाऱ्या तरंगांमुळे भट्टीत सहा-सहा सेंटिमीटरांवर प्रखर जागा तयार होतात. फिरती तबकडी असूनही पापड एकीकडे करपतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो, तो यामुळेच. दुधात ऊर्जा मुख्यतः बाहेरच्या एक-दोन सेंटिमीटरांत जिरते. तापलेले दूध वर चढते आणि तिथेच थांबते. बुडाखाली जाळ नसल्याने खालून वर अभिसरण चालत नाही. म्हणून वरचा घोट जीभ पोळतो आणि तळ कोमट राहतो.

‘एक मिनिट ठेव’ ही सूचना म्हणूनच मला मान्य नाही. किती दूध, किती थंड, किती वॉट, हे सांगितल्याशिवाय मिनिटाला अर्थ नाही. आमच्या घरी आता रुंद तोंडाचा चिनीमातीचा पेला अर्धाच भरतात, ३० सेकंद तापवून बाहेर काढतात, तळापर्यंत ढवळतात, आणि हवे तर पुन्हा २० किंवा ३० सेकंद ठेवतात. साखर आधीच विरघळवलेली असते. कधी चुकून वेळ जास्त झाला, तर दार न उघडता मिनिटभर थांबायचे, आणि मग लांब दांड्याचा चमचा तोंड दूर ठेवून घालायचा. ढवळल्याने दूध सारखे होते आणि हवाही मिसळते, असे दोन्ही हेतू साधतात.

दोन ठिकाणी मात्र मी ढवळण्यावरही विसंबणार नाही. गवळ्याकडचे कच्चे दूध शेगडीवरच उकळावे. भट्टीत थंड राहिलेल्या भागातले जंतू जिवंत राहू शकतात. आणि तान्ह्या बाळाची बाटली भट्टीत ठेवूच नये. शेगडीवर भांडे दुधापेक्षा गरम लागते, तर इथे बाटली दुधापेक्षा थंड लागते, म्हणून हाताचा अंदाज नेमका उलटा फसतो. वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात बाटली उभी करावी, हलवावी, आणि दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावेत.