तीन हुकूमशहा आणि एक पाळणा

पलूसला आमच्याकडे अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीने बी.ए.च्या इतिहासाचं उत्तर मला वाचायला दिलं. प्रश्न होता : दोन महायुद्धांमधल्या इटली, जर्मनी आणि रशियातील हुकूमशाहीची विचारसरणी, प्रचार व नियंत्रण या मुद्द्यांवर तुलना करा. तिने मुसोलिनी, हिटलर, स्टॅलिन असे तीन परिच्छेद लिहिले होते. माहिती बरोबर होती, पण तुलना कुठेच नव्हती, आणि बाईही नव्हती. "बायकांचं वेगळं कशाला, ताई? मार्क थोडेच आहेत त्याला?" ती म्हणाली.

माझं मत उलट आहे. घरातला पाळणा मध्ये ठेवला, की तुलना आपोआप उभी राहते.

आधी विचारसरणी. मुसोलिनीला साम्राज्यासाठी माणसं हवी होती, हिटलरला ‘शुद्ध’ वंशाची मुलं. रशियातली क्रांती मात्र स्त्री-पुरुष समतेचं नाव घेऊन आली. १९२० मध्ये तिथे गर्भपात कायदेशीर झाला.

मग प्रचार. इटलीत १९३३ पासून माता-बालक दिन सुरू झाला आणि पुष्कळ मुलांच्या आयांना रोमला नेऊन मिरवलं गेलं. जर्मनीने चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण असा मातृ-क्रॉस काढला. रशियात १९३६ मध्ये गर्भपातबंदीचा मसुदा छापून लोकांची मतं मागवली. राहायला धड खोली नाही, असं बायकांनी लिहिलं. ती पत्रं छापलीही गेली, पण बंदी आलीच.

आता नियंत्रण. जर्मनीत १९३३ पासून लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत कर्ज मिळे. अट अशी, की बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ‘सदोष’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. म्हणजे एकीला बक्षीस, तर दुसरीवर शस्त्रक्रिया. इटलीने अविवाहित पुरुषांवर कर बसवला, तरी जन्मदर घसरतच राहिला. शस्त्रनिर्मितीला हात कमी पडू लागले तेव्हा, १९३७ मध्ये, जर्मनीने नोकरी सोडण्याची अटही काढून टाकली. रशियन बाईला तर कारखानाही चुकला नाही आणि बाळंतपणही.

इथे एक चूक सहज होते : ‘तिन्ही सारखेच’ असं लिहून मोकळं होणं. तसं नाही. वंशाच्या नावाने कुणी आई व्हायचं आणि कुणी नाही हे ठरवणं, हा जर्मनीच्या राजवटीचा गाभा होता. रशियाच्या कायद्यात ती निवड नव्हती. साम्य एवढंच, की विचारसरणी कोणतीही असो, बाईचा निर्णय सरकारने घेतला आणि ‘नको’ म्हणायला तिच्यापाशी संघटना उरली नाही. रशियातला पक्षाचा महिला विभागसुद्धा १९३० मध्येच बंद झाला होता.

त्या मुलीने उत्तर पुन्हा लिहिलं. या वेळी परिच्छेद तीनच होते, पण हुकूमशहांचे नव्हे, मुद्द्यांचे. आणि प्रत्येकात एक बाई होती.