विश्लेषण : पगारासाठी ४५ टक्के, पण किती महिन्यांसाठी?

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत एक स्टार्टअप शेतीसाठी ओलावा मोजणारा सेन्सर बनवते आहे, असे समजा. त्याला ५० लाख रुपये हवेत. सादरीकरणातील ‘निधीचा वापर’ तक्त्यात पगार ४५ टक्के, सेन्सरची निर्मिती ३० टक्के, विक्री १५ टक्के आणि राखीव १० टक्के अशी वाटणी आहे. पंधराव्या महिन्यात २०० शेतकरी पैसे देऊन सेन्सर वापरतील, हा टप्पा.

तक्ता नीटनेटका दिसतो. पण गुंतवणूकदार टक्क्यांचे रुपये करतो आणि रुपयांचे महिने.

गणित कुठे फसते?

पगाराचे ४५ टक्के म्हणजे साडेबावीस लाख. पाच जणांना दरमहा ५० हजार दिले, तर महिन्याला अडीच लाख लागतात. म्हणजे पैसे नऊ महिन्यांतच संपतात. राखीव पाच लाख ओतले तरी आणखी दोनच महिने निघतात.

मग उपाय काय?

टक्के तेच ठेवून भरतीचा क्रम बदलायचा. पहिले दहा महिने दोघेच, अकराव्यापासून आणखी तिघे. दोघांचे १५ महिन्यांचे १५ लाख आणि तिघांचे पाच महिन्यांचे साडेसात लाख, बेरीज बरोबर साडेबावीस. मात्र सेन्सर दहाव्या महिन्यापर्यंत दोघांच्याच बळावर शेतात चालला पाहिजे. गुंतवणूकदाराचा पुढचा प्रश्न नेमका हाच असतो.

सरकारी पैशालाही हीच शिस्त आहे. २०२१ च्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत प्रोटोटाइप व चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंतचे अनुदान टप्पे गाठल्यावर हप्त्यांनी देण्याची तरतूद करण्यात आली.