सामाईक स्पर्शिकेची दोन सूत्रं पाठ कशाला?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, दोन वर्तुळांच्या सामाईक स्पर्शिकांसाठी मुलांकडून दोन सूत्रं पाठ करून घेऊ नका. एकच आकृती पुरते.

समजा, त्रिज्या ११ आणि ४ सेमी आहेत, केंद्रांमधलं अंतर २५ सेमी. लहान वर्तुळ आकसून बिंदू झालं असं माना. बाह्य स्पर्शिकेच्या एकाच बाजूला दोन्ही वर्तुळं असतात, म्हणून मोठ्याची त्रिज्याही ४ ने कमी करा: ७. आंतर स्पर्शिकेच्या विरुद्ध बाजूंना ती असतात, म्हणून ४ ने वाढवा: १५. आता लहान वर्तुळाच्या केंद्रातून या नव्या वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि ४ सेमी समांतर सरकवा. बाह्य असेल तर मोठ्या केंद्रापासून दूर, आंतर असेल तर केंद्राकडे. झाली सामाईक स्पर्शिका!

सरकवताना लांबी बदलत नाही. काटकोन त्रिकोणाचा कर्ण २५, म्हणून बाह्य स्पर्शिका √(६२५ − ४९) = २४ सेमी आणि आंतर √(६२५ − २२५) = २० सेमी.

केंद्रांमधलं अंतर १२ सेमी केलं की आंतरसाठी १४४ − २२५ ही ऋण संख्या येते. मुलं म्हणतात, "सर, गणित चुकलं." चुकलेलं नसतं. वर्तुळं एकमेकांना छेदतात, आंतर स्पर्शिका उरतच नाही. बाह्य मात्र असते. हे आकृतीत दिसतं, पाठ केलेल्या सूत्रात नाही.