कचेरी कोठें आहे, तें सांगा

इंग्रजीच्या तासास एक चूक आम्ही इतक्या वेळां ऐकतों कीं, ती ऐकूं आली नाहीं तरच आश्चर्य वाटावें. 'कचेरी कोठें आहे, तें मला सांगाल काय?' हें इंग्रजींत बोलावयास सांगितलें, म्हणजे विद्यार्थी म्हणतो, 'कॅन यू टेल मी व्हेअर इज धि ऑफिस?' वास्तविक तेथें 'व्हेअर धि ऑफिस इज' असें हवें. 'इज' हें क्रियापद कर्त्याच्या मागून आलें पाहिजे. शिक्षक तांबडी रेघ मारतात, विद्यार्थी शुद्ध वाक्य दहा वेळां लिहून आणतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तेंच बोलतो. हा दोष केवळ निष्काळजीपणाचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. तो बव्हंशीं मातृभाषेच्या संवयींतून आलेला आहे, आणि त्याचें औषधहि मातृभाषेंतच आहे.

मराठींत प्रश्न करण्यासाठीं शब्दांच्या जागा बदलाव्या लागत नाहींत. 'कचेरी तेथें आहे' या वाक्यांत 'तेथें'च्या जागीं 'कोठें' घातलें, कीं प्रश्न तयार झाला. तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटांत घातला, तरी आंतलें कांहींच हलत नाहीं. आमच्या शहरांत मराठीच्या शेजारीं नांदणाऱ्या दख्खनीचीहि तीच तऱ्हा आहे. मराठी मूल 'कोठें आहे म्हणून विचारलें' असें म्हणतें, तर दख्खनी बोलणारें मूल 'किधर है बोलके पूछा' असें म्हणतें. दोघेंहि मूळचा प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवतात. 'तूं कोठें जातोस म्हणून त्यानें मला विचारलें' या वाक्यांतील 'तूं' म्हणजे प्रत्यक्षांत बोलणारा स्वतःच असतो! अशा मुलानें इंग्रजी प्रश्नहि अखंड उचलून ठेवला, तर त्यांत नवल तें काय?

इंग्रजींत मात्र शब्दांची उलटापालट हीच प्रश्नाची खूण आहे, आणि ती खूण ऐकणारास जो प्रश्न विचारावयाचा त्यालाच लावतात. वरील वाक्यांत 'कॅन' हा शब्द 'यू'च्या आधीं आला, तेथेंच ती लागून गेली. प्रश्न आहे तो 'तुम्ही सांगाल काय?' एवढाच, कचेरीचें ठिकाण ही केवळ सांगावयाची वस्तु आहे. तिला पुनः प्रश्नाचें रूप देण्याचें कारण उरत नाहीं.

ही गोष्ट मराठींतील 'तें' हा लहानसा शब्द उत्तम रीतीनें दाखवितो. 'तें सांगा' येथें 'तें' म्हणजे कोणती वस्तु, हें मुलांस कळतें. इंग्रजींत तो शब्द घालीत नाहींत. आंतलें वाक्यच त्याच्या जागीं नामासारखें बसतें. 'टेल मी धि वे' येथें जसें 'धि वे', तसेंच 'टेल मी व्हेअर धि ऑफिस इज' येथें सबंध आंतलें वाक्य. म्हणून आमचें मत असें कीं, वाक्यपरिवर्तनाचे कोरडे नियम घोकविण्याआधीं मुलांना मराठी वाक्यांतील 'तें' शोधावयास लावावें.

'अजिंठ्याची गाडी कोठें थांबते, तें त्याला विचार' हें वाक्य घेऊं. सरळ प्रश्न होईल, 'व्हेअर डझ धि अजंठा बस स्टॉप?' यांतील 'डझ' हा केवळ प्रश्नापुरता आणलेला पाहुणा आहे. 'तें'च्या जागीं वाक्य बसवितांना तो निघून जातो, आणि त्यानें घेतलेला प्रत्यय मूळ क्रियापदास परत मिळतो: 'आस्क हिम व्हेअर धि अजंठा बस स्टॉप्स.' येथें एखादा विद्यार्थी 'व्हेअर धि बस डझ स्टॉप' असें लिहितो. त्यानें शब्द हलविले, पण कां हलवावयाचे तें त्यास कळलें नाहीं, हें त्यावरून ओळखावें.

'कचेरी उघडी आहे का, तें पाहा' यांत 'कोठें'सारखा शब्द नाहीं, शेवटीं 'का' मात्र आहे. त्या 'का'चें काम इंग्रजींत 'इफ' किंवा 'व्हेदर' हा शब्द करतो. पण तो आंतल्या वाक्याच्या आरंभीं येतो: 'सी इफ धि ऑफिस इज ओपन.'

घोकंपट्टीचा आणखी एक परिणाम आम्हीं पाहिला आहे. 'व्हेअर धि ऑफिस इज' हें दहा वेळां लिहिलेला मुलगा पुढें शिपायास सरळ प्रश्न करतांना 'व्हेअर धि ऑफिस इज?' असें विचारूं लागतो. एक चूक गेली, तिची बहीण आली! अर्थात् या उलट्या क्रमास हंसण्याचें मुळींच कारण नाहीं. आयर्लंडांत जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोकहि अंतर्गत प्रश्नांत पुष्कळदां तोच ठेवतात. परंतु आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तिकडे तपासावयास जात नाहींत.

प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल, तर हलवावयाचें कांहीं उरतच नाहीं, हेंहि मुलांस सांगून ठेवावें. 'हू रँग धि बेल?' आणि 'टेल मी हू रँग धि बेल' यांत क्रम एकच. 'व्हॉट इज धि मॅटर' यासारख्या रुळलेल्या बोलाचा क्रम तर आंत घातल्यावरहि न बदललेला चालतो. चांगले इंग्रजी बोलणारेहि तसेंच म्हणतात, आणि तेथें आम्ही तांबडी रेघ मारीत नाहीं.