कमळकाकडी कच्ची खावी का?

केम गावच्या बाजारात कमळकाकडी क्वचितच दिसते. उल्हासनगरात मात्र सिंधी घरांमध्ये ती नेहमीची भाजी आहे. तिथल्या बायका दोन्ही टोकं बंद असलेलं पेरच निवडतात, कारण टोक उघडं असलं की तळ्यातला चिखल आतल्या भोकांत शिरून बसतो. कमळकाकडी कच्ची खाल्ली तर विषबाधा होत नाही, कारण तिच्यात मुळात विष नाही. पण टॅनिनमुळे जीभ आवळते आणि कच्चा स्टार्च पचायला जड जातो. खरी काळजी आहे ती चिखलाची. जिथे तळ्यात सांडपाणी किंवा डुकरांची विष्ठा मिसळते, तिथे आतड्यातल्या एका मोठ्या चपट्या कृमीची सूक्ष्म पिल्लं पाणवनस्पतींच्या सालीला चिकटतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. दातांनी साल सोलली तरी ती पोटात जातात आणि पुढे पोटदुखी, जुलाब सुरू होतात. नुसतं मीठ-लिंबू लावून किंवा व्हिनेगरमध्ये मुरवून ती मरतील असा भरवसा धरता येत नाही. उकळत्या पाण्यात ती मरतात. म्हणून आधी साल काढावी, तिरक्या चकत्या कराव्यात, भोकांमधून नळाचं पाणी सोडावं आणि कुकरला तीन-चार शिट्ट्या द्याव्यात. सुरी सहज आत गेली की शिजली. तंतू मात्र तेव्हाही सुटतात, त्याला घाबरू नये. कोशिंबिरीसाठी कुरकुरीत हवी असेल तर पातळ चकत्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं तरी ठेवाव्यात. जपानी घरांतही कोशिंबिरीआधी ती अशीच उकळून घेतात.